काय सोडायचं, याची परीक्षा

‘प्रवासी बससाठी सीट बुकिंगची छोटी सेवा तयार करा. एखाद्या फेरीतल्या रिकाम्या सीट दिसाव्यात, त्यातली एक बुक करता यावी आणि बुकिंग रद्द करता यावं. भाषा आणि डेटाबेस तुमच्या पसंतीचा. साधारण चार तास लागतील अशी अपेक्षा आहे. सात दिवसांत गिट रेपोची लिंक पाठवा.’

सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीसाठी अर्ज केला की पहिल्या फोननंतर अशा धर्तीचा मजकूर ई-मेलने येतो. घरात सांगितलं जातं, ‘असाइनमेंट आलीये’, आणि पुढचा शनिवार-रविवार त्यात जाणार हे सगळ्यांना कळतं. वरचा मजकूर मी नमुन्यासाठी बेतला आहे, पण हिंजवडी किंवा खराडीतल्या कुठल्याही प्रॉडक्ट कंपनीत मुलाखत दिलेल्याला तो ओळखीचा वाटेल. मोठ्या सर्व्हिस कंपन्या कॉलेजमधून भरती करताना बहुधा ऑनलाइन चाचणी घेतात. दोन-चार वर्षं काम केलेल्या माणसाला प्रॉडक्ट कंपनी किंवा स्टार्टअप मात्र बऱ्याचदा अशी घरी करायची असाइनमेंट देतात.

ही पद्धत रुजायला एक कारण होतं. पूर्वी मुलाखत म्हणजे फळा, मार्कर आणि समोर बसलेले दोघं. त्या दडपणाखाली अल्गोरिदम लिहून दाखवायचा. मॅकवर सॉफ्टवेअर बसवायला जगभरचे प्रोग्रामर ‘होमब्रू’ वापरतात. ते लिहिणाऱ्या मॅक्स हॉवेल यांनी २०१५ साली जाहीरपणे सांगितलं की, फळ्यावर बायनरी ट्री उलटा करता आला नाही म्हणून गूगलने आपल्याला नाकारलं. त्यावर खूप चर्चा झाली. माणूस रोज जे काम करतो तेच त्याच्या टेबलावर, त्याच्या संगणकावर करू द्यावं, हा विचार त्यामुळे अनेकांना पटला. घरी करायची असाइनमेंट ही त्याच विचाराची.

पण यात एक गोम आहे. फळ्यासमोरची मुलाखत तासाभरात संपते. घरच्या कामाला शेवट नसतो. सीट बुकिंगमध्ये लॉगिन घालता येतं, पेमेंट घालता येतं, बसचा रंगीत नकाशा घालता येतो, आणि मग चार तासांचे वीस तास होतात. बरेच जण तिथेच फसतात. त्या सहा ओळींत काय करायचं ते लिहिलेलं असतं. काय सोडायचं ते लिहिलेलं नसतं, आणि तपासणारा तेच बघत असतो.

आधी ठरवायचं: करायची की नाही

असाइनमेंट आली म्हणजे ती केलीच पाहिजे असं नाही. नोकरी चालू असताना, तीन महिन्यांचा नोटीस पिरिअड डोक्यावर असताना रविवार फार थोडे हाताशी असतात. म्हणून सुरू करण्याआधी एचआरला तीन गोष्टी विचाराव्यात. किती तास अपेक्षित आहेत? तपासणार कोण, इंजिनीअर की आणखी कुणी? आणि पाठवल्यानंतर त्यावर बोलणं होणार आहे का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं. आपलं काम समोर ठेवून कुणी तासभर बोलणार असेल, तर नोकरी नाही मिळाली तरी काही शिकायला मिळतं. ‘कळवू’ एवढंच उत्तर आलं, तर आपले तास एका चाळणीत पडणार आहेत असं समजावं.

काही लक्षणं दिसली तर सरळ नकार द्यावा. कुणाही माणसाशी बोलणं होण्याआधीच आलेली असाइनमेंट. लॉगिन, पेमेंट, ॲडमिन पॅनल आणि मोबाइल ॲप अशी चौफेर मागणी. किंवा कंपनीच्या स्वतःच्या साइटवर उद्या जसंच्या तसं लावता येईल असं काम. अशा कामाला उमेदवारी म्हणत नाहीत, फुकटची मजुरी म्हणतात. काही कंपन्या या वेळेचे पैसे देतात. वर्डप्रेस डॉट कॉम चालवणारी ऑटोमॅटिक ही कंपनी उमेदवाराला मोबदला देऊन चाचणीचं काम देते, हे जगजाहीर आहे. आपल्याकडे ती रीत रुळलेली नाही, पण पर्याय सुचवता येतो: ‘एवढा वेळ सध्या काढता येणार नाही. माझा आधीचा एक प्रकल्प गिटहबवर आहे, त्यावर तासभर बोलू शकतो, किंवा तुमच्यासमोर बसून एखादा प्रश्न सोडवू शकतो.’ असं नीट लिहिलेलं पत्र वाईट दिसत नाही.

आपली बसची असाइनमेंट या कसोटीला उतरते. काम छोटं आहे, वेळ सांगितलेला आहे. कंपनीने पुढच्या फेरीत त्यावर बोलू असं कळवलं आहे, असं धरून पुढे जाऊ.

मजकुरातली क्रियापदं

पहिला अर्धा तास संगणकाला हात लावायचा नाही. मजकूर वाचायचा आणि क्रियापदं शोधायची. इथे तीनच आहेत: सीट दिसणं, बुक होणं, रद्द होणं. लॉगिन नाही, भाडं नाही, पेमेंट नाही, पडद्यावरचं देखणं रूपही मागितलेलं नाही. नव्या फेऱ्या कुणी टाकायच्या, हेही विचारलेलं नाही. दोन-तीन फेऱ्या सुरुवातीलाच डेटाबेसमध्ये भरून ठेवल्या की भागतं.

मग शंका येतात. त्यांची चाळणी सोपी आहे: उत्तर बदललं तर डेटाबेसचा आराखडा बदलेल का? ‘एका बुकिंगमध्ये अनेक सीट घेता येतात का?’ या प्रश्नाने आराखडा बदलतो. चौघांच्या कुटुंबाला तीनच सीट मिळाल्या तर सगळंच रद्द करायचं की तिघांना बसवायचं, हा वेगळा खेळ सुरू होतो. ‘रद्द केलेल्या बुकिंगची नोंद ठेवायची का?’ यानेही बदलतो. हे दोन प्रश्न ई-मेलने विचारावेत. प्रवाशाचं नाव किती अक्षरांचं असावं असल्या शंका आपल्या आपण निकालात काढाव्यात. उत्तर आलं नाही तर थांबून राहू नये. एक गृहीत धरावं आणि ते लिहून ठेवावं. आपण असं धरू: एका बुकिंगला एक सीट, आणि रद्द केलेली नोंद पुसायची नाही.

पुढचं काम या तीन क्रियापदांतलं अवघड टोक शोधण्याचं. रिकाम्या सीट दाखवणं कुणालाही जमेल. पण पुणे–कोल्हापूर फेरीतली चौदा नंबरची सीट दोन प्रवाशांनी एकाच क्षणी बुक केली तर? दोघांनाही ‘बुकिंग झालं’ असा संदेश गेला, तर स्वारगेटला भांडण ठरलेलं. असाइनमेंट देणाऱ्याने ही गोष्ट मजकुरात मुद्दाम लिहिलेली नसते.

अवघड टोक ओळखायला एक प्रश्न पुरतो: हे चुकलं तर खऱ्या जगात कुणाचं नुकसान होईल? खर्च वाटून घेण्याच्या ॲपची असाइनमेंट असेल तर शंभर रुपये तिघांत वाटताना प्रत्येकी तेहतीस रुपये तेहतीस पैसे होतात आणि एक पैसा उरतो. तो कुणाच्या नावावर घालायचा, हे तिथलं टोक. बँकेच्या व्यवहारांची फाइल वाचायची असेल तर तीच फाइल चुकून दोनदा टाकली की काय होतं, हे टोक. चार तासांतला सगळ्यात ताजा वेळ त्या टोकाला द्यायचा.

आता कागदावर तीन याद्या करायच्या. करणारच: तीन विनंत्या, एका सीटला एकच चालू बुकिंग याची हमी, टेस्ट, रीडमी. वेळ उरला तर: प्रवाशाला स्वतःची बुकिंग बघता येणं. करणार नाही: लॉगिन, पेमेंट, पडद्यावरचं रूप. तिसऱ्या यादीतल्या प्रत्येक गोष्टीपुढे एका ओळीत कारण लिहायचं. ही यादी नंतर जशीच्या तशी रीडमीत जाते, त्यामुळे तो वेळ फुकट जात नाही.

डेटाबेसची निवडही व्याप्तीचाच भाग. इथे एसक्यूलाइट घ्यावा. तो एका फाइलमध्ये राहतो, पायथॉनसोबत येतो, तपासणाऱ्याला वेगळं काही बसवावं लागत नाही. पोस्टग्रेस जास्त ताकदीचा आहे, पण ती ताकद इथे कुणी मागितलेली नाही.

चौदा नंबरची सीट

अनुभव कमी असलेला प्रोग्रामर बुकिंगचा कोड साधारण असा लिहितो:

```python
taken = db.execute(
    "SELECT 1 FROM bookings WHERE trip_id=? "
    "AND seat_no=? AND status='active'",
    (trip_id, seat_no)).fetchone()
if not taken:
    save_booking(trip_id, seat_no, name)
```

आधी बघ, सीट रिकामी असेल तर नोंद कर. वाचताना यात काहीच खटकत नाही. एकट्याने वापरून पाहिलं तरी व्यवस्थित चालतं. गडबड बघणं आणि नोंद करणं यांच्या मधल्या फटीत आहे. पहिल्या प्रवाशाच्या विनंतीने बघितलं, सीट रिकामी. तिची नोंद व्हायच्या आत दुसऱ्याच्या विनंतीने बघितलं, तिलाही रिकामी दिसली. दोघांची नोंद झाली. ही फट काही मिलिसेकंदांची असते. सणासुदीच्या गर्दीत मात्र ती रोज सापडते.

ही जबाबदारी आपल्या कोडवरून काढून डेटाबेसवर टाकायची. फेरी आणि सीट यांची जोडी एकदाच येऊ शकते, असा नियम टेबलावर लावायचा. दुसरी नोंद आली की डेटाबेस स्वतःच ती परत पाठवतो, मग ती कितीही जवळच्या क्षणी आलेली असो.

इथे दुसरा सापळा आहे, आणि पुष्कळ चांगले उमेदवारही त्यात अडकतात. रद्द केलेली नोंद ठेवायची असं आपण ठरवलं आहे. जोडीवर सरसकट नियम लावला तर कुणी चौदा नंबर रद्द केल्यावरही ती जुनी नोंद टेबलात बसून राहते आणि ती सीट पुन्हा कुणालाच बुक करता येत नाही. म्हणजे नियम फक्त चालू बुकिंगपुरता हवा:

```sql
CREATE UNIQUE INDEX one_active_booking
ON bookings (trip_id, seat_no)
WHERE status = 'active';
```

शेवटची ओळ सगळं काम करते. अशा अटीच्या इंडेक्सला पार्शल इंडेक्स म्हणतात. तो एसक्यूलाइटमध्ये आहे, पोस्टग्रेसमध्ये आहे, मायएसक्यूएलमध्ये नाही. मायएसक्यूएल घेणाऱ्याला हीच हमी वेगळ्या वाटेने मिळवावी लागते. डेटाबेस निवडताना असा एखादा भेद माहीत असला तर निवडीचं कारणही सांगता येतं.

आता हे चालतं हे दाखवायचं. एक टेस्ट लिहायची: वीस विनंत्या एकाच वेळी, सगळ्या चौदा नंबरच्या सीटसाठी. एकीला `201` म्हणजे ‘नोंद झाली’ असं उत्तर यावं, उरलेल्या एकोणीस जणींना `409` म्हणजे ‘दुसऱ्याने आधीच घेतली’. टेस्ट हिरवी झाली की समाधान मानू नये. इंडेक्स काढून तीच टेस्ट पाच-दहा वेळा चालवावी आणि ती नापास होते का ते बघावं. एकदाही नापास झाली नाही, तर बहुतेक सगळ्या विनंत्या एकाच जोडणीतून एकामागून एक जातायत आणि टेस्ट काहीच तपासत नाही. हा पाच मिनिटांचा प्रयोग सोडू नये.

बाकी टेस्ट पाच-सहा पुरतात. बुक केलेली सीट रिकाम्या यादीतून जाते का? रद्द केल्यावर परत येते का, आणि दुसऱ्याला मिळते का? नसलेल्या सीटची मागणी केली तर नीट उत्तर येतं का? एकच बुकिंग दोनदा रद्द केलं तर काय होतं? शेवटच्या प्रश्नाला ठरलेलं उत्तर नाही. दुसऱ्यांदाही शांतपणे ‘रद्द आहे’ म्हणता येतं, किंवा चूक दाखवता येते. एक ठरवावं आणि टेस्टमध्ये ते स्पष्ट दिसू द्यावं.

कोडच्या दर्जाबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो. जास्त फायली, जास्त थर, जास्त डिझाइन पॅटर्न म्हणजे दर्जा, असं वाटतं. तीन विनंत्यांच्या सेवेला चौदा क्लास आणि पाच फोल्डर केले की वाचणाऱ्याला सीट नेमकी कुठे बुक होते हेच शोधावं लागतं. इथे दोन भाग पुरेत: एकात विनंत्या घेणं आणि उत्तरं देणं, दुसऱ्यात बुकिंगचे नियम. नव्या माणसाला मिनिटभरात ‘सीट इथे बुक होते’ असं बोट ठेवता आलं, की रचना पुरेशी झाली.

तपासणाऱ्याचा अर्धा तास

असाइनमेंट वाचणारा इंजिनीअर हे काम दोन मीटिंगच्या मधल्या वेळेत करत असतो. त्याच्याकडे बहुधा गुण द्यायचा तक्ता असतो आणि असे आणखी चार रेपो रांगेत असतात. घर भाड्याने बघायला आलेला माणूस जसा आधी नळ सोडून बघतो, तसा हा आधी सेवा चालवून बघतो. चाललीच नाही, तर आतला पार्शल इंडेक्स बघायला तो थांबेलच असं नाही.

न चालण्याची कारणं ठरलेली असतात. फाइलचा पत्ता उमेदवाराच्या संगणकावरचा, `C:\Users` पासून सुरू होणारा. एखादी लायब्ररी त्याने कधीतरी बसवलेली, पण यादीत लिहायची राहिलेली. सेटिंगची एक फाइल गिटमध्ये टाकायचीच विसरलेली. हे सगळं एका उपायाने सापडतं. पाठवण्याआधी आपलाच रेपो नव्या जागी उतरवायचा आणि रीडमीतल्या सूचना अक्षरशः पाळायच्या:

```
git clone seat-booking /tmp/check
cd /tmp/check
python3 -m venv .venv
. .venv/bin/activate
pip install -r requirements.txt
pytest
```

गिट फक्त कमिट केलेल्या फायलीच उतरवतं. त्यामुळे जे विसरलं ते इथे लगेच उघडं पडतं. उलट चूकही होते: नको ते आत जातं. `node_modules` सारखं हजारो फायलींचं फोल्डर गेलं तर निष्काळजीपणा दिसतो. पासवर्ड असलेली `.env` फाइल गेली तर मामला गंभीर. ती नंतरच्या कमिटमध्ये पुसली तरी गिटच्या इतिहासात राहते आणि कुणीही मागे जाऊन वाचू शकतं. तो पासवर्ड बदलावाच लागतो.

इतिहास वाचला जातो, हे कमिट करतानाही लक्षात ठेवावं. ‘फायनल’ नावाचा एकच भलामोठा कमिट काही सांगत नाही. टेबलं, बुकिंग, रद्द करणं, एकाच वेळच्या विनंत्यांची टेस्ट, रीडमी असे सहा-सात कमिट असले की माणूस कोणत्या क्रमाने विचार करतो ते दिसतं. शेवटी बसून खोटा सुबक इतिहास रचण्याची गरज नाही. काम करता करता कमिट केलं की तो आपोआप तयार होतो.

एका पानाचा रीडमी

रीडमी शेवटच्या दहा मिनिटांत उरकला जातो, आणि नेमका तोच सगळ्यात आधी वाचला जातो. फ्रेमवर्कने आपोआप तयार केलेला रीडमी तसाच ठेवणारेही कमी नाहीत. एक पान पुरे. त्यात चार गोष्टी असाव्यात.

पहिली, चालवायचं कसं. चालू असलेल्या तीन-चार ओळी, आणि एखादी नमुन्याची विनंती. दुसरी, काय गृहीत धरलं: एका बुकिंगला एक सीट, रद्द केलेली नोंद राहते. तिसरी, निर्णय आणि त्यांची कारणं. इथे असं लिहिता येईल: ‘एसक्यूलाइट घेतला, कारण तपासणाऱ्याला काही बसवावं लागू नये. एसक्यूलाइटमध्ये एका वेळी एकच लेखन होतं, त्यामुळे एकाहून जास्त सर्व्हर लावायचे झाले तर पोस्टग्रेस घेईन. हाच इंडेक्स तिथे जसाच्या तसा चालतो.’ या तीन वाक्यांत निवड आहे, तिची मर्यादा आहे आणि पुढची वाटही आहे. ‘स्केलेबल आणि रोबस्ट आर्किटेक्चर’ असं लिहून यातलं काहीच कळत नाही.

चौथी गोष्ट काय केलं नाही. ‘लॉगिन नाही, त्यामुळे बुकिंगचा नंबर माहीत असलेला कुणीही ते रद्द करू शकतो. खऱ्या सेवेत हे चालणार नाही.’ असं लिहायला अनेकांना भीती वाटते, आपणच आपली उणीव का सांगायची म्हणून. पण वाचणाऱ्याला ती उणीव दिसणारच आहे. लिहिली नाही तर त्याला वाटेल की लक्षातच आलं नाही. लिहिली तर तोच ती निर्णय म्हणून वाचतो.

लागलेला वेळही खरा लिहावा. साडेपाच तास लागले तर साडेपाच.

घड्याळ

चार तासांची वाटणी साधारण अशी बसते: वाचणं आणि शंका अर्धा तास, व्याप्ती आणि टेबलांचा आराखडा अर्धा तास, मुख्य कोड दीड तास, टेस्ट पाऊण तास, रीडमी अर्धा तास, नव्या जागी उतरवून बघणं पाव तास. म्हणजे कोड लिहिण्याला निम्म्याहूनही कमी वेळ मिळतो. पहिल्यांदा हे विचित्र वाटतं. पण शेवटच्या तीन गोष्टींचा दीड तास राखून ठेवला नाही, तर कोड तो खाऊन टाकतो.

अडीच तास झाले की एकदा मान वर करून बघावं. बुकिंग आणि रद्द करणं चालत नसेल तर यादी कापायची वेळ आली. कापताना सुविधा कापावी, टेस्ट आणि रीडमी कापू नयेत. प्रवाशाला स्वतःची बुकिंग बघण्याची सोय गेली तर कुणाचं काही अडत नाही. अनोळखी तंत्रज्ञान वापरलं तर वाटणी हमखास कोलमडते. नवी भाषा शिकायची हौस या चार तासांत भागवू नये.

इथे बाजाराचं वास्तवही बघायला हवं. चार तास म्हटलं तरी शेजारचा उमेदवार पंधरा तास घालतो आणि कधीकधी त्याच्या देखण्या पडद्याला भुलणारा तपासणारा भेटतोही. त्यावर आपल्या हाती इलाज नाही. आपल्याकडे जास्तीचा तास-दीड तास असेलच, तर तो चौदा नंबरच्या सीटवर घालावा. एखादी टेस्ट वाढवावी, चुकीचा संदेश सुधारावा, नावं पुन्हा वाचावीत. नवी सुविधा घातली की तिच्या टेस्ट, तिचं वर्णन आणि तिच्यातल्या चुका, हे सगळं सोबत येतं.

पुढची फेरी

असाइनमेंटचा निकाल बऱ्याचदा तिच्यावरच्या गप्पांत लागतो. समोरचा म्हणतो, ‘आता असं करू. पेमेंट होईपर्यंत सीट दहा मिनिटं राखून ठेवायची. तुमच्या कोडमध्ये काय बदलाल?’

ज्याने इंडेक्स विचारपूर्वक लावला आहे तो पहिल्यांदा सरळ उत्तर देतो: ‘राखीव’ अशी आणखी एक स्थिती आणि मुदतीची वेळ साठवू, इंडेक्सच्या अटीत ती स्थितीही घेऊ. मग तो स्वतःच अडखळतो. दहा मिनिटं उलटल्यावर सीट मोकळी कोण करणार? मुदत संपली का, हे इंडेक्सच्या अटीतच तपासता आलं असतं तर सोपं होतं. पण चालू वेळ दर क्षणी बदलते, आणि बदलणारी गोष्ट अशा अटीत घ्यायला पोस्टग्रेसही परवानगी देत नाही, एसक्यूलाइटही देत नाही. म्हणजे नवं बुकिंग घेताना, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये, त्या सीटची मुदत संपलेली राखीव नोंद आधी रद्द करावी लागेल आणि मगच नवी नोंद घालावी लागेल. पुन्हा दोघं एकदम आलेच, तर इंडेक्स आहेच.

हे बोलणं दहा मिनिटांत होतं, कारण कोड छोटा आहे आणि त्यातली प्रत्येक ओळ का आहे हे त्याला माहीत आहे. लॉगिन, पेमेंट, नकाशा सगळं घालून बसलेल्या उमेदवाराला हाच प्रश्न आला, की आधी आपल्या बाराव्या फाइलमध्ये सीट कुठे बुक होते हे त्याला शोधावं लागतं, आणि समोरचा ते बघत असतो.